'मी होतो' कुठे बसवायचं? रूपिम की रूपावली

एखाद्या भाषेची क्रियापदं लिहून काढायला बसलात, प्रबंधासाठी असो की रूपं ओळखणाऱ्या प्रोग्रॅमसाठी, की पहिल्याच दिवशी निवड करावी लागते. शब्दाचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याला अर्थ द्यायचा, ही रूपिमांची वाट. पूर्ण तक्ता मांडून कुठल्या घरात कुठलं रूप येतं ते सांगायचं, ही रूपावलीची. 'बसला'सारख्या सरळ क्रियापदावर दोन्ही सारख्याच चालतात. पारख करायची तर वाकड्या क्रियापदांवर करावी. मराठीत त्यांतली तीन म्हणजे जाणे, असणे आणि होणे.

'जाणे' तितकंसं वाईट नाही. जातो, जाईल, जाऊन, पण गेला. 'जा' हा संस्कृत 'या' धातूचा वारस, 'गे' हा 'गत'चा. दोन वेगळे धातू एकाच तक्त्यात नांदताहेत. याला सप्लीशन म्हणतात. रूपिमवाला इथे हरत नाही. भूतकाळाच्या 'ल'च्या आधी 'जा'ऐवजी 'गे' घ्या, एवढा नियम त्याला पुरतो. गेला, गेलेला, गेल्यावर, सगळं त्यात बसतं.

'असणे'पाशी मात्र तो अडतो. वर्तमानात 'आहे', भूतकाळात 'होता', आणि 'होता'मध्ये 'ल' नाहीच. शेजारी 'होणे'चा वर्तमानकाळ ठेवून पाहा:

| | असणे, भूतकाळ | होणे, वर्तमानकाळ |
|---|---|---|
| मी (पु.) | होतो | होतो |
| मी (स्त्री.) | होते | होते |
| तो | होता | होतो |
| ती | होती | होते |

वरच्या दोन ओळींत डावीउजवीकडे एकच शब्द आहे. तुकडे पाडले तर दोन्हीकडे हो-त-ओ. उजवीकडे 'त' वर्तमानाचा, हे ठीक. मग 'मी काल तिथे होतो' यातला भूतकाळ कुठल्या तुकड्यात आहे? 'ओ'मध्ये म्हणावं, तर तो 'जातो'मध्येही आहे. शेवटी शून्य प्रत्यय आणावा लागतो: न दिसणारा, न ऐकू येणारा भूतकाळ. हिशेब जुळतो खरा, पण तिथे शून्य आहे हे कळलं कशावरून? खालच्या 'होता' आणि 'होती'वरून. म्हणजे चोरून तक्ताच पाहिला. रूपावलीवाला तो उघड मांडतो: हे 'असणे'च्या भूतकाळाचं घर, त्यात 'होतो' हा शब्द. शब्दाच्या प्रत्येक तुकड्याने स्वतंत्र अर्थ वाहावा, अशी त्याची अटच नाही.

आता एकाच क्रियापदाच्या दोन घरांत एकच रूप येणं, म्हणजे सिंक्रेटिझम. मी जातो, तो जातो, आम्ही जातो. इथे रूपिमवाल्यांची बाजू वाटते तितकी लंगडी नाही. हॅले आणि मॅरंट्झ या भाषाशास्त्रज्ञांनी 1993 मध्ये मांडलेल्या पद्धतीने 'ओ'ला काहीच खास अर्थ द्यायचा नाही. बाकीचे प्रत्यय आपापली घरं घेतात आणि उरलेल्या घरांत 'ओ' पडतो. वर्तमानाचा हा तुकडा त्यातून सुबक सुटतो.

पण थोडं पुढे पाहा. मी जातो, तो जातो. मी जाते, ती जाते. मी आहे, तो आहे. मी नाही, तो नाही. प्रत्यय बदलले, 'आहे'मध्ये तर तुकडा पाडायलाही जागा नाही, तरी प्रथम आणि तृतीय पुरुषाचं एकवचन दर वेळी जुळतंच. ही जुळणी कुठल्याही एका प्रत्ययाची नाही, घरांची आहे. रूपावलीत ती एका ओळीत येते: वर्तमानात प्रथमपुरुष एकवचनासाठी त्याच लिंगाचं तृतीयपुरुष एकवचन घ्या. रूपिमवाल्याला प्रत्यय जोडण्याआधी पुरुषाचा भेद पुसणारा वेगळा नियम लिहावा लागतो. माझ्या मते तोही वेषांतर केलेला रूपावलीचाच नियम.

घोटाळा इथे होतो की असे 'याचं रूप तिकडून घ्या' नियम फार स्वस्त पडतात. योगायोगालाही कुणी नियम ठरवू शकतं. ओळखायची खूण अशी: वेगळं क्रियापद, वेगळा प्रत्यय घेतल्यावरही तीच घरं जुळतात का? प्रथम-तृतीयची जुळणी टिकते. 'मी होतो'ची वरच्या तक्त्यातली जुळणी दोन वेगळ्या क्रियापदांमधली, एकुलती; तिच्यासाठी नियम लिहू नका. 'मी गेले', 'ते गेले' आणि नपुंसक एकवचनी 'ते गेले' यांचंही तसंच. बोलताना आपण शेवटचं 'गेलं' करतो आणि जुळणी तिथेच तुटते. जुन्या लेखनात तर 'मी जातों' आणि 'तो जातो' हेही अनुस्वाराने वेगळे होते, म्हणून तक्ता कुठल्या काळातल्या मराठीचा आहे ते आधी ठरवून घ्या.

तुर्कीसारखी भाषा हाती असेल तर मात्र मी तुकडेच पाडेन. 'गेल्दिम'मध्ये गेल म्हणजे येणे, दि भूतकाळाचा, म 'मी'चा; एका तुकड्याला एक काम, आणि प्रत्यय एकामागून एक लागत गेले की पूर्ण तक्ता आवाक्याबाहेर फुगतो. मराठीसाठी मी सरळ क्रियापदांचे प्रत्यय नियमाने जोडेन, आणि जाणे, असणे, होणे यांची रूपं घरागणिक लिहून ठेवेन.