चार महिने बिनभाड्याचे की पहिल्या दिवसापासून कमी भाडं? नाशकात ऑफिस घेताना

समजा, तुमच्यासमोर दोन जागा आहेत. एक कॉलेज रोडवर, दुसरी मुंबई नाक्याजवळ. दोन्ही दीड हजार चौरस फुटांच्या आसपास, दोन्ही नुसत्या भिंती असलेल्या, फर्निचर तुम्हालाच करायचंय. डिपॉझिट सारखं आणि करारही पाच वर्षांचाच. कॉलेज रोडचा मालक महिना ६०,००० मागतो, पण पहिले चार महिने भाडं घेणार नाही. मुंबई नाक्याचा मालक ५४,००० सांगतो आणि पहिल्या महिन्यापासून घेतो. तीन वर्षं पूर्ण झाली की दोन्हीकडे भाडं १५ टक्क्यांनी वाढणार. आकडे मी उदाहरणासाठी घेतलेत, बाजारभाव म्हणून नव्हे. मांडणी मात्र शहरात रोज दिसते तशीच आहे.

इथे बहुतेक जण एकच हिशेब करतात: चार गुणिले साठ हजार, म्हणजे दोन लाख चाळीस हजार वाचले. हा हिशेब अपुरा आहे. त्या चार महिन्यांच्या बदल्यात तुम्ही पुढचा प्रत्येक महिना सहा हजार जास्त भरणार आहात. त्यामुळे करारातले सगळे पैसे एकत्र करून ते सगळ्या महिन्यांवर सारखे वाटून पाहायचे, अगदी बिनभाड्याच्या महिन्यांवरसुद्धा. जो आकडा येतो ते तुमचं खरं मासिक भाडं.

| किती काळ राहणार | कॉलेज रोड, सरासरी महिना | मुंबई नाका, सरासरी महिना |
|---|---|---|
| २ वर्षं | ५०,००० | ५४,००० |
| ३ वर्षं | ५३,३३३ | ५४,००० |
| ५ वर्षं | ५९,६०० | ५७,२४० |

तक्ता नीट पाहा. तीन वर्षांपर्यंत कॉलेज रोड स्वस्त आहे, पाच वर्षं धरली की तोच महाग पडतो. तीन वर्षांच्या शेवटी कॉलेज रोडवर तुम्ही २४,००० रुपयांनी पुढे असता. त्यानंतर तिथलं भाडं ६९,००० होतं आणि मुंबई नाक्याचं ६२,१००. म्हणजे दर महिन्याला ६,९०० जास्त. चाळिसाव्या महिन्यात ती सगळी बचत संपते आणि पाच वर्षं भरतात तेव्हा तुम्ही १,४१,६०० रुपये जास्त दिलेले असतात. कारण साधं आहे. माफी एकदाच मिळते, पण १५ टक्के वाढ चढ्या भाड्यावर लागते. करार संपल्यावर नवीन बोलणी होतात तीही त्याच चढ्या आकड्यापासून सुरू होतात.

मालक भाडं कमी करायला तयार नसतो, पण महिने सोडायला पटकन तयार होतो, याचं कारणही इथेच आहे. भाड्याच्या उत्पन्नावर बँकेचं कर्ज घ्यायचं असेल किंवा जागा विकायची असेल, तर करारावर छापलेला मासिक आकडा मोजला जातो. वरच्या मजल्यावरचा पुढचा भाडेकरूही तोच आकडा विचारतो. त्यामुळे ६०,००० हा आकडा टिकवणं त्याच्या फायद्याचं असतं. हे लक्षात आलं की बोलणी वेगळी होतात. तुम्ही म्हणू शकता, “चार महिने नकोत, पहिल्या महिन्यापासून ५३,५०० ठेवा, वाढही त्यावरच.” तीन वर्षांत त्याला जवळपास तेवढेच पैसे मिळतात, पण चौथ्या-पाचव्या वर्षी तुमचं भाडं ६९,००० ऐवजी ६१,५२५ राहतं. तो नाही म्हणाला, तर त्याचा जीव कशात आहे तेही कळतं. मग दुसरी मागणी करा: महिने चारच राहू देत, पण तीन वर्षांनंतरची वाढ १५ ऐवजी ८ किंवा १० टक्के करा.

आता कॉलेज रोडच्या बाजूने बोलतो, कारण तीही बाजू खरी आहे. जागा हातात आल्यावर सुतार, इलेक्ट्रिशियन, एसीवाला यांचं काम दोन-तीन महिने सहज चालतं. विजेचा लोड वाढवून घ्यायचा असेल तर तो वेळ वेगळा. या काळात जुन्या ऑफिसचं भाडं चालूच असतं. मुंबई नाक्याची जागा घेतली तर बसायला खुर्ची नसताना तीन महिन्यांचे १,६२,००० द्यावे लागतात, तेही फर्निचरचा खर्च सुरू असतानाच. हातात रोकड कमी असेल आणि फर्निचरसाठी महिना एक टक्का व्याजाने पैसे घ्यावे लागणार असतील, तर सुरुवातीला न दिलेल्या भाड्याची किंमत वाढते. व्याज धरून मोजलं तर कॉलेज रोडचा फायदा चाळिसाव्या महिन्याऐवजी साधारण अठ्ठेचाळिसाव्या महिन्यापर्यंत टिकतो. सारखं वाटलेलं भाडं हे सांगत नाही. त्याच्या दृष्टीने आजचा रुपया आणि चार वर्षांनंतरचा रुपया एकच.

म्हणून माझं मत असं. तीन वर्षांच्या आत जागा लहान पडेल अशी खात्री असेल, किंवा सुरुवातीचे सहा महिने पैशांची ओढाताण असेल, तर बिनभाड्याचे महिने घ्या. क्लिनिक, सीएचं ऑफिस, क्लासेस असा पत्त्याला चिकटून चालणारा धंदा असेल, तर कमी भाडं घ्या. असे लोक पाच वर्षांनीही सहसा हलत नाहीत. डॉक्टरांसाठी आणखी एक मुद्दा आहे. भाड्यावरच्या १८ टक्के जीएसटीचं क्रेडिट त्यांना सहसा मिळत नाही. त्यामुळे भाड्यातला सहा हजारांचा फरक, मालक जीएसटी लावत असेल तर, त्यांना ७,०८० ला पडतो.

हिशेबाच्या वह्यांचा प्रश्न वेगळा आहे आणि त्यात गल्लत फार होते. भाडं समान वाटणं दोन ठिकाणी घडतं. करारातच समान वाटलं तर खिशातून जाणारे पैसे बदलतात. वह्यांत समान वाटलं तर पैसे तसेच जातात, फक्त खर्च कोणत्या वर्षात दिसतो ते बदलतं. अकाउंटिंग स्टँडर्ड १९ लागू असलेल्या कंपनीला साध्या भाडेकराराचा खर्च कराराच्या मुदतीवर समान वाटूनच दाखवावा लागतो. जागेच्या वापराचा फायदा वेगळ्या क्रमाने मिळतो असं दाखवता आलं, तरच दुसरी पद्धत चालते. इंड एएस ही वेगळी हिशेब-मानकं पाळणाऱ्या मोठ्या कंपन्यांचं गणित १ एप्रिल २०१९ पासून बदललं. त्या भाडेकरू असतील तर जागा वापरण्याचा हक्क आणि देणं, दोन्ही ताळेबंदात दाखवतात. नाशकातल्या बहुतेक लहान प्रायव्हेट लिमिटेड कंपन्यांचा संबंध १९ शीच येतो.

कॉलेज रोडची जागा १ डिसेंबरला ताब्यात घेतली असं धरा. डिसेंबर ते मार्च भाडं नाही. वहीत काहीच लिहिलं नाही, तर त्या आर्थिक वर्षात या ऑफिसचं भाडं शून्य दिसेल आणि नफा फुगेल. खरं तर चार महिने जागा वापरली आहे. पाच वर्षांच्या मुदतीने दरमहा नोंद अशी होते:

भाडे खर्च खाते नावे ५९,६००
भाडे समायोजन तरतूद खाते जमा ५९,६००

मार्चअखेर तरतूद २,३८,४०० होते आणि नफा तेवढ्याने कमी दिसतो. एप्रिलपासून मालकाला ६०,००० जातात, खर्च ५९,६०० च राहतो, आणि तरतुदीतून दरमहा ४०० कमी होतात. तीन वर्षं भरतात तेव्हा तरतुदीत २,२५,६०० शिल्लक असतात. नंतर ६९,००० भरताना दरमहा ९,४०० कमी होतात आणि साठाव्या महिन्यात खातं शून्यावर येतं. तिथे शून्य आलं नाही, तर मुदत, वाढ किंवा माफीचे महिने यांपैकी काहीतरी चुकीचं धरलंय असं समजा.

मुंबई नाक्यालाही हे चुकत नाही. तिथे माफी नसली तरी वाढ आहे, त्यामुळे खर्च ५७,२४० दिसतो आणि पहिली तीन वर्षं दरमहा ३,२४० तरतुदीत साठतात. “आमच्याकडे फ्री महिने नाहीत, म्हणून हा विषयच नाही” असं म्हणणारे लोक हे विसरतात.

तरतुदीची नोंद टॅलीत मालकाच्या खात्यात टाकू नका. तिचं लेजर वेगळं ठेवा. मालकाला ते पैसे अजून देणं झालेले नाहीत, आणि त्याच्या खात्यात जमा दिसले की टीडीएसचा प्रश्न विनाकारण उभा राहतो. जीएसटी भाड्याच्या बिलाप्रमाणे चालतो, सरासरीप्रमाणे नाही. आयकरात ही तरतूद कशी धरायची ते मात्र पहिल्याच वर्षी तुमच्या सीएशी ठरवून घ्या.

मुदत किती धरायची, हा यातला सगळ्यात कळीचा प्रश्न. करार पाच वर्षांचा, पण तुमच्यावर लॉक-इन, म्हणजे जागा मध्येच सोडता न येण्याची मुदत, तीन वर्षांचीच असेल आणि पुढे राहण्याची वाजवी खात्री नसेल, तर खर्च तीन वर्षांवर वाटायचा, म्हणजे ५३,३३३. राहणार हे नक्की असेल तर ५९,६००. ऑडिटर विचारेल तेव्हा उत्तराला आधार लागतो. पक्कं फर्निचर किती केलं, जागा धंद्याला किती महत्त्वाची आहे, सोडायला दंड किती आहे, या गोष्टी तो आधार देतात. जागा निवडताना तुम्ही जी मुदत मनात धरली तीच इथेही यायला हवी. निवडताना “आपण तीनच वर्षं राहू” आणि वहीत पाच वर्षं, असं असेल तर दोन्हींपैकी एक उत्तर चुकीचं आहे.

सही करण्याआधी करारातली तीन कलमं शब्द न शब्द वाचा. पहिलं, माफीचे महिने ताब्याच्या तारखेपासून मोजले जातात की कराराच्या. करार सप्टेंबरात झाला आणि लिफ्ट चालू व्हायला नोव्हेंबर उजाडला, तर दोन महिने कोणाचे गेले? दुसरं, माफी फक्त भाड्याला आहे की मेंटेनन्सलाही. बहुतेक वेळा मेंटेनन्स पहिल्या दिवसापासून लागतो. तिसरं सगळ्यात महत्त्वाचं: लॉक-इनमध्ये जागा सोडली तर माफ केलेलं भाडं परत द्यावं लागेल, असं कलम आहे का. ते असेल तर वरच्या तक्त्यातली दोन वर्षांची ओळ खोडून टाका. चार महिन्यांचे पैसे परत द्यायचे म्हटलं की तिथलं सरासरी भाडं ५०,००० ऐवजी थेट ६०,००० होतं, शिवाय लॉक-इनच्या उरलेल्या महिन्यांचं भाडं वेगळं.

ही माफी नोंदणी केलेल्या लिव्ह अँड लायसन्सच्या करारातच लिहून घ्या, व्हॉट्सॲपवरच्या कबुलीवर सोडू नका. महाराष्ट्रात असा करार नोंदवणं बंधनकारक आहे, आणि ६० महिन्यांपर्यंतच्या करारावर मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के लागतं, त्यात डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याजही मिळवतात. माफीचे महिने करारात स्पष्ट असतील तर भाड्याची बेरीज त्या महिन्यांशिवाय होते. शुल्कात वाचतात ते काही शे रुपयेच, पण इमारत उद्या दुसऱ्याला विकली गेली, तर नव्या मालकासमोर ठेवायला तुमच्या हातात तोच कागद असेल.