मे महिन्यातच दरजा भरून देणाऱ्या कंत्राटदाराने आमच्या जुन्या घराचे काय केले

नागपूरच्या महाल भागात आमचे आजोबांच्या काळापासूनचे घर आहे. भिंती चुन्यात बांधलेल्या विटांच्या, वर कवेलूंचे छप्पर आणि पश्चिमेकडच्या कडेला पत्र्याची पन्हळ. ज्यांची घरे अशीच आहेत आणि उन्हाळ्यात ज्यांच्या दाराशी ‘वर्षभराची देखभाल’ विकणारे लोक येतात, त्यांच्यासाठी हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

मे २०२३ मध्ये एक कंत्राटदार आमच्याकडे आला. त्याच्याजवळ छापील वेळापत्रक होते. पन्हळ साफ करणे, भिंतीतील झाडे काढणे, विटांमधल्या सांध्यांच्या दरजा भरणे आणि छप्पर तपासणे ही चार कामे त्यात लिहिलेली होती, आणि चारही कामे पावसापूर्वीच्या एका आठवड्यात पूर्ण करून पाच वर्षांची हमी देणार असे त्याने सांगितले. एकूण ८५,००० रुपये ठरले व त्यांपैकी ६०,००० रुपये आम्ही आगाऊ दिले. यादीतली कामे खरी होती, म्हणून माझा विश्वास बसला. फसवणूक यादीत नव्हती, ती ‘एका आठवड्यात’ या दोन शब्दांत होती, आणि ते ओळखण्याइतकी माहिती तेव्हा मला नव्हती.

या चार कामांपैकी पावसापूर्वी करायचे प्रमुख काम एकच, ते म्हणजे पन्हळ. आपल्याकडे कडुनिंब आणि पिंपळाची पानगळ उन्हाळ्याच्या तोंडाशी होते, त्यामुळे मेच्या अखेरीस पन्हळीत पाने आणि धूळ यांचा घट्ट थर बसलेला असतो. तो खरवडून काढून, पन्हळीच्या उंच टोकाला दोन बादल्या पाणी ओतून ते खालच्या नळातून पूर्ण बाहेर येते का, हे स्वतः पाहणे हीच त्या कामाची खरी पावती आहे. आमच्या कंत्राटदाराने पन्हळीला बाहेरून काळा रंग दिला आणि शिडीवरून काढलेले स्वच्छ पन्हळीचे छायाचित्र मला पाठवले. ते छायाचित्र आमच्या घराचे नव्हतेच, कारण त्यातल्या पन्हळीला लोखंडी कंस होते आणि आमच्या पन्हळीला लाकडी आधार आहेत. हे मला दोन महिन्यांनी दिसले.

खरे नुकसान दरजांनी केले. चुन्याच्या भिंतीतल्या दरजा जिथे पोखरल्या गेल्या असतील तिथे चुन्यानेच भराव्या लागतात, कारण चुना मऊ असतो आणि भिंतीत शिरलेला ओलावा त्याच दरजांतून बाहेर पडतो. सिमेंटची दरज विटेपेक्षा कठीण असते आणि ओलावा अडवते. मग पाणी विटेच्या तोंडातून बाहेर पडू लागते, जाताना क्षार तिथेच सोडते, आणि ते क्षार फुगून विटेचा दर्शनी पापुद्रा सुटतो. याशिवाय भरलेला चुना कित्येक दिवस ओला राहावा लागतो. नागपूरच्या ४५ अंशांच्या मे महिन्यात पश्चिमेच्या भिंतीवर तो धरण्याआधीच वाळून भुगा होतो, आणि जुलैच्या पावसात धुऊन जातो. म्हणून या कामाचा योग्य काळ पाऊस संपून भिंत सुकल्यावरचा, म्हणजे ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंतचा. मे महिन्यात झटपट दरजा भरून देणारा माणूस बहुधा सिमेंटच भरतो, कारण त्या उन्हात त्याला दुसरे काही टिकवता येत नाही. आमच्याकडे तेच झाले. चुन्यासारखा दिसावा म्हणून वरून पिवळसर रंग फासला होता.

ही लबाडी ओळखणे अवघड नाही, पण पैसे देण्याआधी दोन मिनिटे द्यावी लागतात. किल्लीच्या टोकाने दरज ओरखडून पाहावी. चुना ओरखडला जातो आणि पांढरट भुकटी निघते. सिमेंट किल्लीला दाद देत नाही आणि रंगाखाली राखाडी दिसते. त्याचप्रमाणे जुनी दरज पुरेशी खोल, म्हणजे साधारण तिच्या रुंदीच्या दुप्पट, कोरून काढली होती का हेही पाहावे. आमच्या गवंड्याने काहीच कोरले नव्हते. वरवर थापीने थर लावला होता आणि थापीचा सांडलेला माल पन्हळीच्या नळाच्या तोंडात पडून तिथेच घट्ट बसला होता.

त्यामुळे जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात जे घडले, ते एकामागून एक घडत गेले. नळ बंद, म्हणून पन्हळ भरून पाणी पश्चिमेच्या भिंतीवर वाहू लागले. सिमेंटच्या थराच्या कडांतून ते आत शिरले, पण बाहेर येईना. आतल्या खोलीत कमरेइतक्या उंचीवर ओल दिसली. माझ्या मुलीला त्या खोलीतून हलवावे लागले. कंत्राटदाराने फोनवर ‘पहिल्या पावसाला असे होतेच’ म्हणून सांगितले आणि नंतर फोन उचलणे बंद केले.

ऑगस्टमध्ये भिंतीतला पिंपळ परत आला. मे महिन्यात कंत्राटदाराने फांदी भिंतीलगत कापून तोंडावर सिमेंट थापले होते, आणि त्याच सिमेंटला फोडून तीन कोंब बाहेर आले. नुसत्या कापण्याने मूळ मरत नाही. पक्ष्यांच्या विष्ठेतून आलेले बी पावसात रुजते, म्हणून झाडांची पाहणी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये करावी. बोटाएवढे रोप ओल्या भिंतीतून मुळासकट हाताने निघते. जाड झाले असेल तर कापल्याबरोबर ताज्या छेदावर तणनाशक लावावे लागते, आणि ते काम परवानाधारक कीडनियंत्रकाकडूनच करून घ्यावे. मूळ पूर्ण वाळल्यानंतरच ते काढून तिथल्या विटा पुन्हा बसवाव्यात. जिवंत मूळ ओढले तर भिंतीचा तुकडाही सोबत येतो.

छपराची तपासणी मे महिन्यात एकदा करून चालत नाही, हेही मला नंतर समजले. कवेलू वानरांच्या उड्यांनी सरकतात, आणि ते पावसातच कळते. मोठा पाऊस थांबला की दिवसा माळ्यावर जाऊन आतून उजेडाच्या फटी शोधाव्यात आणि ओला डाग दिसला तर त्याभोवती खडूने रेघ मारून तारीख लिहावी. पुढच्या पावसानंतर डाग रेघेबाहेर गेला, तर गळती चालू आहे. ओल्या कवेलूंवर चढू नये.

फेब्रुवारी २०२४ पर्यंत पश्चिमेच्या भिंतीवर क्षारांचा लोणा उमटला आणि खालच्या विटांचे पापुद्रे हाताने निघू लागले. सिमेंट काढताना काही विटांच्या कडाही तुटल्या. ते नुकसान भरून निघणारे नाही. मी ग्राहक आयोगात तक्रार केली. तक्रारीची मुदत घटनेपासून दोन वर्षांची असते, आणि सल्ल्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. वेळापत्रकाचा छापील कागद, पावती आणि परक्या पन्हळीचे ते छायाचित्र मी तक्रारीला जोडले.

नोव्हेंबर २०२४ मध्ये दुसऱ्या गवंड्याने मुरवलेला चुना आणि वाळू वापरून दरजा भरल्या आणि दहा दिवस भिंतीवर ओले गोणपाट ठेवले. त्याच्या मजुरीतले ३० टक्के पैसे मी त्याच्या संमतीने मागे ठेवले आणि पुढचा पावसाळा संपल्यावर, भिंत आतून कोरडी पाहून, ऑक्टोबरमध्ये दिले.