सेलचा हलता बॅनर: तीन फ्रेमचा जीआयएफ, फेडचा जीआयएफ की वेबपी?

साडीच्या दुकानाच्या दिवाळी सेलसाठी ३०० बाय २५० पिक्सेलचा बॅनर करायचा आहे आणि तो गूगल अ‍ॅड्सवर द्यायचा आहे, असे धरू. तिथे फाइल १५० केबीपेक्षा मोठी चालत नाही, हालचाल ३० सेकंदांत थांबावी लागते आणि जीआयएफचा वेग सेकंदाला पाच फ्रेमपेक्षा कमी असावा लागतो.

पहिला पर्याय तीन फ्रेमचा. पहिल्यात दुकानाचे नाव, साडीचे चित्र आणि खालच्या ६० पिक्सेल उंचीच्या पट्टीत ‘५०% पर्यंत सूट’. पुढच्या दोन फ्रेममध्ये फक्त पट्टीतला मजकूर बदलतो. संपूर्ण चित्र ७५,००० पिक्सेलचे असले तरी दुसऱ्या व तिसऱ्या फ्रेमसाठी जास्तीत जास्त १८,००० पिक्सेलच साठवावे लागतात, कारण बाकीचे चित्र आधीच्या फ्रेममधून तसेच राहू देता येते.

दुसरा पर्याय एका साडीचा फोटो विरून दुसरा उमटण्याचा, म्हणजे फेडचा. दुकानदाराला बहुधा हाच आवडतो. पण फेडमध्ये प्रत्येक फ्रेमला जवळजवळ प्रत्येक पिक्सेल बदलतो, त्यामुळे वाचवण्यासारखे काही उरत नाही, आणि वेगाच्या मर्यादेत तो बसवला की विरण्याऐवजी हिसके देतो. त्यात जीआयएफच्या एका फ्रेमला २५६ रंगांचीच रंगपेटी मिळत असल्याने जरीच्या छटा दाखवायला डिदरिंग, म्हणजे रंगीत ठिपक्यांची पेरणी, करावी लागते. जीआयएफची संकोचन पद्धत पुन्हा पुन्हा येणाऱ्या रंगांच्या रांगांवर चालते आणि हे ठिपके नेमक्या त्याच रांगा मोडतात. बॅनर मोठा करून पाहावा: स्थिर पार्श्वभूमीवर वाळू सरकल्यासारखी दिसली, तर न हललेला भागही फ्रेमगणिक नव्याने साठवला जातो आहे. तेव्हा डिदरिंग बंद करून रंग ३२ वर आणावेत. सपाट रंगांच्या बॅनरला तेवढे पुरतात.

तीन फ्रेम अनुक्रमे अडीच, दीड आणि दोन सेकंद ठेवल्या, तर एक फेरी सहा सेकंदांची होते. फ्रेम जोडून जीआयएफ बनवणाऱ्या gifsicle या प्रोग्रामला द्यायची आज्ञा अशी:

```
gifsicle -O3 --colors 32 --loopcount=4 -d250 1.gif -d150 2.gif -d200 3.gif -o banner.gif
```

इथे -d नंतर फ्रेमची वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागात लिहितात. फेऱ्यांचा आकडा मुद्दाम चार ठेवला आहे. काही ब्राउझर पहिली फेरी वेगळी धरून पाच दाखवतात, तरीही ३० सेकंद ओलांडले जात नाहीत.

फोटो टाळताच येत नसेल आणि बॅनर दुकानाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर लावायचा असेल, तर वेबपी हा चित्रफाइलचा दुसरा प्रकार सरस ठरतो, कारण त्यात रंगांची ही अडचण नाही. गूगल अ‍ॅड्सवर मात्र चित्र म्हणून जीआयएफ, जेपीजी किंवा पीएनजीच चढवता येते. ईमेलसाठीही मी तीन फ्रेमचा जीआयएफच निवडेन, फक्त सूट पहिल्याच फ्रेममध्ये असली पाहिजे. विंडोजवरच्या आउटलुकच्या २००७ ते २०१६ या आवृत्त्या त्यापुढची फ्रेम दाखवतच नाहीत.