तीनने भाग जाणारी सर्वांत मोठी संख्या: बाकीवरून अंक गाळायचे की तक्ता भरायचा?

दिलेल्या अंकांपैकी काही किंवा सगळे वापरून, हव्या त्या क्रमाने, 3 ने भाग जाणारी सर्वांत मोठी संख्या बनवायची आहे. समजा अंक आहेत 8, 7, 6, 1, 1. बेरीज 23, तिला 3 ने भागल्यावर बाकी 2. हात आपोआप दोन्ही 1 कडे जातो, कारण ते सर्वांत लहान. पण मग उरते 876. त्याऐवजी 8 गाळला तर 7611, म्हणजे चार अंकी. आधी अंकांची संख्या, मग त्यांची किंमत.

बाकीच्या पद्धतीत एवढंच करायचं: बाकी 1 असेल तर 1, 4, 7 पैकी सर्वांत लहान अंक गाळा, तसा नसेल तर 2, 5, 8 पैकी सर्वांत लहान दोन. बाकी 2 असेल तर उलट. उरलेले उतरत्या क्रमाने मांडा. फक्त शून्यंच उरली तर उत्तर 00 नव्हे, 0.

तक्त्यात अंक उतरत्या क्रमाने घेत प्रत्येक बाकीसाठी सर्वोत्तम संख्या जपायची. लिखाण जास्त, आणि जुन्या तक्त्याची प्रत न घेता बदल केले तर एकच अंक दोनदा मोजला जातो. ही चूक हमखास होते.

कागदावर किंवा फक्त 3 साठी बाकीची पद्धतच घ्या. भाजक 9 झाला की गाळण्याचे प्रकार फार वाढतात. तिथे नऊ खणांचा तक्ता बरा. 7 ला मात्र दोन्ही निरुपयोगी, कारण तिथे अंकांची बेरीज काहीच सांगत नाही.