घुमणारा हॉल: आधी जाड पडदा शिवावा की गालिचा आणावा?

ताबा मिळालेला रिकामा हॉल घुमतो, कारण त्यात आवाज खाणारं काहीच नसतं. खाली व्हिट्रिफाइड टाइल, वर स्लॅब, चारी बाजूंना पुट्टी मारलेल्या गुळगुळीत भिंती. सामान आलं की घुमणं कमी होतं हे खरं, पण हल्लीच्या आटोपशीर फर्निचरमध्ये ते पुरेसं होत नाही. टीव्हीवरचे संवाद कळत नाहीत म्हणून आवाज वाढवायचा, आणि वाढवला की गोंगाट आणखी. अशा वेळी पैसे आधी कशावर घालावेत, दाराला भिंतभर जाड पडदा की सोफ्यासमोर गालिचा? आमच्याकडे पडदा आहे, तेव्हा माझा कल कुठे आहे हे आधीच सांगून टाकतो. गालिच्याची बाजूही मांडतो.

मोजमापाला एक जुनी, सोयीची कल्पना आहे. 1895 मध्ये हार्वर्ड विद्यापीठात वॉलेस सबीन यांच्याकडे एका घुमणाऱ्या व्याख्यानगृहाचं काम आलं. त्यांनी दुसऱ्या सभागृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री वाहून आणल्या आणि किती गाद्या ठेवल्या की आवाज किती लवकर विरतो, हे घड्याळ लावून पाहिलं. नंतर त्यांनी गादीऐवजी उघडी खिडकी हे माप धरलं, कारण उघड्या खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही. घरातली कुठलीही वस्तू किती चौरस फूट उघड्या खिडकीइतकं काम करते, एवढंच पाहायचं.

16 बाय 10 फुटांचा, साडेनऊ फूट उंचीचा हॉल घेऊ. मोकळा असताना तो जेमतेम 25 चौरस फूट खिडकीएवढा आवाज खातो आणि टाळीचा आवाज पुरता विरायला सुमारे 3 सेकंद लागतात. कापडी सोफा आणि थोडं सामान आलं की 40 धरा, म्हणजे पावणेदोन-दोन सेकंद. निवांत गप्पा मारायला हा आकडा पाऊण सेकंदाच्या आसपास हवा.

बाल्कनीकडची 10 फुटांची भिंत साडेआठ फूट उंचीच्या, दुप्पट चुणीच्या जाड पडद्याने झाकली, तर 85 चौरस फुटांपैकी निम्मं, म्हणजे 40च्या वर भर पडते. वेळ एका सेकंदाच्या आत येतो. 5 बाय 8चा गालिचा टाइलवर नुसता टाकला तर बोलण्याच्या मधल्या पट्टीत जेमतेम 6 मिळतात, खाली जाड फेल्ट अंथरलं तर 20च्या घरात. हे सगळे अंदाजच आहेत, कापडागणिक बदलतील. पण नुसत्या गालिच्याने फसगत कशी होते ते यातून कळतं: 'स' आणि 'श' मऊ होतात, बाकी आवाज तसाच घुमत राहतो.

म्हणजे गालिच्याची खरी कमाई फेल्टमध्ये आहे, आणि माझं मत पडद्याकडे झुकलं ते तिथेच. आपल्याकडे फरशी रोज पुसली जाते. गालिचा गुंडाळून बाजूला करता येतो, फेल्ट मात्र जागेवर राहतं किंवा घाईत अर्धवट दुमडलं जातं. फडक्याचं पाणी त्याच्या कडेने आत शिरतं आणि टाइलमध्ये ते जिरत नाही. उन्हाळ्यात चालून जातं. जुलै-ऑगस्टमध्ये कुबट वास सुरू होतो आणि गालिचा उचलला की खाली ओलसर पट्टा दिसतो. मग बहुतेक घरांत पहिली हकालपट्टी फेल्टची होते, त्याच्या जागी जाळीदार रबरी मॅट येते. गालिचा सरकायचा थांबतो, पण 20चे पुन्हा 6 झालेले असतात. ज्यांच्याकडे फरशी कोरडी झाडून भागतं, त्यांनी माझं हे रडगाणं सोडून दिलं तरी चालेल.

गालिच्याचं एक काम मात्र पडदा करू शकत नाही. लहान मुलांची धावपळ आणि खुर्च्या सरकवण्याचा आवाज स्लॅबमधून खाली जातो. खालच्या मजल्यावरून तक्रार येत असेल तर गालिचाच हवा, तोही फेल्टसकट. रस्त्यावरचे हॉर्न मात्र दोन्हींनी अडत नाहीत. ते स्लायडिंगच्या फटींतून येतात. पडद्याने त्यांचं आत येऊन घुमणं तेवढं कमी होतं. फटींसाठी शटरच्या कडेची झिजलेली ब्रशपट्टी बदलून घ्यावी.

पडदा घेताना सगळ्यात मोठी चूक कापडात होते. रबराचा थर दिलेलं ब्लॅकआउट जड लागतं म्हणून घेतलं जातं, पण त्यातून हवा जात नाही आणि बराचसा आवाज परत फिरतो. दुकानात कापड तोंडाशी धरून फुंकून पाहा: हवा जायला हवी, पण जोर लावून. थर नसलेलं, 300 जीएसएमच्या वरचं विणीचं कापड किंवा वेलवेट चालतं. झिरझिरीत पडदा आवाजाच्या दृष्टीने नसल्यातच जमा.

10 फुटांच्या रॉडला दुप्पट चुणी म्हणजे 20 फूट कापड. 48 इंची पन्ह्याचे पाच पन्हे लागतात, दुमडीसकट प्रत्येकी 3 मीटर, एकूण 15 मीटर. शिंपी तीन-चार पन्ह्यांत बसवून देतो म्हणाला तर नको म्हणा. कापड ताणलं गेलं की चुण्या जातात, आणि चुण्यांबरोबर निम्मा गुणही. खालची कड फरशीपासून इंचभर वर ठेवा, नाहीतर फडक्याचा ओलावा इथेही चढतो. रॉड भिंतीपासून 3-4 इंच पुढे असू द्या. मागे पोकळी राहिली की तेच कापड जास्त आवाज खातं.

हा पडदा 6-7 किलोंचा होतो, त्यामुळे रॉडला किमान तीन ब्रॅकेट हवेत. दाराच्या वर काँक्रीटचा लिंटेल असतो, तिथे स्क्रू घट्ट बसतो. टोकाचे ब्रॅकेट लिंटेलच्या पलीकडे जातात आणि नव्या इमारतीत तिथे बहुतेकदा हलका, भुसभुशीत एएसी ब्लॉक निघतो. ड्रिल करताना पांढरी पूड सहज पडू लागली की समजावं. साधी गिट्टी त्यात महिन्याभरात ढिली होते. एएसीसाठीची लांब गिट्टी मागून घ्या.

पडद्याची उणीव सांगायलाच हवी: दिवसा तो सारून ठेवला की गुण निम्म्याहून खाली येतो. शिवाय तो फक्त आखूड भिंत झाकतो. टीव्हीची आणि सोफ्यामागची लांब भिंत समोरासमोर उघडीच राहतात, आणि मधोमध टाळी वाजवली तर पत्रा थरथरल्यासारखा 'टर्रर्र' ऐकू येतो. 10 फुटांवरच्या दोन भिंतींत आवाज सेकंदाला पन्नासेक फेऱ्या मारतो, त्याची ही टर्र. गालिचा यात काहीच करत नाही, कारण या फेऱ्या त्याच्या डोक्यावरून होतात. इलाज मात्र स्वस्त आहे, आणि दोनपैकी एकाच भिंतीवर केला तरी पुरतो. सोफ्यामागे 5 बाय 7ची जाड गोधडी वरून दांडीत ओवून, भिंतीपासून दीड-दोन इंच सोडून टांगायची. भिंतीला खिळ्यांनी ठोकून चपटी केली तर अर्धं काम वाया जातं.

पडदा लागल्यावर गोधडीची घाई करू नका. रात्री पंखा बंद करून, पडदा पूर्ण ओढून, बसल्यावर कान येतो त्या उंचीवर टाळी वाजवा. टर्र आली तरच गोधडी.