आठ महिने, तीन प्रकारचे कुरियर आणि खोक्याचं माप: घरगुती व्यवसायातून पार्सल पाठवण्याचा अनुभव

मी घरी लोकरीची विणलेली खेळणी करते आणि दुसऱ्या शहरांत पाठवते. महिन्याला साधारण साठ पार्सलं जातात. या आठ महिन्यांत मी तीन मार्ग वापरले: एका खासगी कुरियर कंपनीशी थेट खातं, एकाच ॲपमधून अनेक कंपन्या निवडू देणारी अ‍ॅग्रिगेटर सेवा आणि टपाल खात्याचं पार्सल. सुरुवातीला मी सगळ्यांची दरपत्रकं शेजारी ठेवून अर्ध्या किलोचा सर्वांत कमी दर कोणाचा ते पाहिलं आणि त्या कंपनीकडे खातं उघडलं. ही तुलनाच चुकीची होती. का, ते सांगण्यासाठीच एवढं सविस्तर लिहिते आहे.

माझं सर्वांत जास्त विकलं जाणारं खेळणं म्हणजे एक हत्ती. वजन ३१० ग्रॅम. तो ३०×२५×२० सेंटीमीटरच्या खोक्यात ऐसपैस बसायचा. खोकं आणि आतला कागद धरून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ४८० ग्रॅम भरायचं, म्हणजे अर्ध्या किलोच्या पहिल्या स्लॅबच्या आत. पहिल्या महिन्याचं बिल आलं तेव्हा प्रत्येक हत्तीपुढे ‘चार्ज्ड वेट’ या रकान्यात ३ किलो लिहिलेलं होतं. मला वाटलं, टाइप करताना चूक झाली असेल. फोन केला तेव्हा पलीकडच्या बाईंनी शांतपणे समजावलं की चूक नाही, हे आकारमानाचं वजन आहे.

गाडीत किंवा विमानात हलकं पण मोठं खोकं जागा अडवतं, म्हणून कंपन्या दोन वजनं काढतात. एक काट्यावरचं. दुसरं लांबी, रुंदी आणि उंची सेंटीमीटरमध्ये मोजून, त्यांचा गुणाकार करून, त्याला ठरलेल्या आकड्याने भागून येणारं. हा भाजक बऱ्याच ठिकाणी ५००० असतो. दोन्हींपैकी जे जास्त, त्यावर पैसे. माझ्या खोक्याचा गुणाकार १५,०००, भागिले ५०००, म्हणजे बरोबर ३ किलो. अर्ध्या किलोचे सहा स्लॅब. मी एका स्लॅबचे पैसे ग्राहकाकडून घेत होते आणि सहा स्लॅबचे भरत होते.

मग मी लहान खोकी मागवली, २५×२०×१० सेंटीमीटरची. गुणाकार ५०००, म्हणजे १ किलो, दोन स्लॅब. हत्ती त्यात थोडा दाबून बसत होता. हिशेब जमला असं वाटलं, पण पुढच्या बिलात दीड किलो आलं. या वेळी मात्र मी फोन करण्याआधी टेप घेऊन एक भरलेलं खोकं बाहेरून मोजलं. खोकी विकणारे साधारणपणे आतलं माप सांगतात आणि कुरियरवाले बाहेरचं मोजतात. तीन पदरी पुठ्ठ्याची जाडी सुमारे ३ मिलिमीटर. लांबी-रुंदीत दोन भिंतींची मिळून ६ मिलिमीटर वाढतात. उंचीत वर आणि खाली झाकणाचे दोन-दोन पदर एकमेकांवर येतात, म्हणून तिथे जवळपास १२ मिलिमीटर. बाहेरचं माप निघालं २५.६×२०.६×११.२, म्हणजे १.१८ किलो. एक किलोची रेषा ओलांडली की पुढचा टप्पा थेट दीड किलोचा. पुठ्ठ्याच्या जाडीमुळे प्रत्येक पार्सलमागे एक अख्खा स्लॅब जास्त जात होता. खोकं जास्त भरून त्याचं पोट फुगलं, तर तेही मोजलं जातं, कारण मोठ्या केंद्रांवरचं यंत्र सर्वांत फुगलेल्या बिंदूपर्यंतचं माप धरतं.

शेवटी मी खोकंच सोडलं. हत्ती मऊ आहे, त्याला पुठ्ठ्याच्या संरक्षणाची गरज नाही. आता तो आधी पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, हवा दाबून काढून, पिशवी बंद करते आणि मग जाड कुरियर बॅगेत ठेवते. तयार पाकीट २४×२०×४.५ सेंटीमीटर. आकारमानाचं वजन ०.४३ किलो, एक स्लॅब. यात जाडीकडे डोळ्यांत तेल घालून पाहावं लागतं. पाकीट ५.५ सेंटीमीटर झालं की ०.५३ किलो होऊन दुसरा स्लॅब सुरू. म्हणून दोन पुस्तकांचे गठ्ठे शेजारी ठेवून मधे साडेचार सेंटीमीटरची फट ठेवली आहे; पाकीट त्यातून सहज सरकलं तरच लेबल लावते. ग्राहकाला चिठ्ठी घालते की पिशवी उघडून हत्ती काही तास मोकळा ठेवा, तो परत फुगतो. ज्या खेळण्यांना कडक नाक किंवा लाकडी चाकं आहेत, त्यांना हा उपाय चालत नाही. ती अजून खोक्यातूनच जातात आणि त्यांचा पाठवणीखर्च मी वेगळा लावते.

हे जमल्यावर मी पुन्हा दर पाहायला बसले आणि तेव्हा कुठे दरपत्रक नीट वाचलं. एका कंपनीचा पहिल्या स्लॅबचा दर माझ्या चालू कंपनीपेक्षा १५ टक्के कमी होता. खाली बारीक अक्षरात भाजक होता ४०००. माझ्या पाकिटाचा गुणाकार २१६०. पाच हजारने भागलं तर ०.४३, चार हजारने भागलं तर ०.५४. म्हणजे स्वस्त कंपनीत तेच पाकीट दोन स्लॅबचं. तिथे दुसरा स्लॅब पहिल्याच्या ८० टक्के दराने होता. चालू कंपनीचा खर्च १०० धरला, तर स्वस्त कंपनीचा पहिला स्लॅब ८५ आणि दुसरा ६८, एकूण १५३. पंधरा टक्के स्वस्त दिसणारी सेवा माझ्या पाकिटासाठी दीडपटीने महाग. तुम्ही जड आणि लहान वस्तू पाठवत असाल, उदाहरणार्थ साबण किंवा मेणबत्त्या, तर भाजकाने काही फरक पडणार नाही आणि तीच कंपनी तुम्हाला खरंच स्वस्त पडेल. म्हणून दुसऱ्या कोणाला काय परवडलं यावरून कंपनी निवडू नका, स्वतःच्या तयार पार्सलचं बाहेरचं माप घेऊन विचारा. आणि इंधन अधिभार व कर धरून शेवटचा आकडा मागा. मूळ दर सांगून हे दोन नंतर लावायची पद्धत सर्रास आहे.

अ‍ॅग्रिगेटर मी चार महिने वापरला. पिनकोड टाकला की कोणती कंपनी तिथपर्यंत पोचते, किती दिवस आणि किती पैसे, हे एका पडद्यावर दिसतं. नव्याने सुरू करणाऱ्यासाठी ही मोठी सोय आहे, आणि थेट खात्यासाठी दरमहा ठरावीक पार्सलं देण्याची अट असते तीही इथे नव्हती. त्रास झाला तो वजनाच्या वादाचा. पैसे आधी वॉलेटमध्ये भरायचे असतात. मी अर्धा किलो नोंदवायचे, कुरियर कंपनी आपल्या केंद्रावर मोजून दीड किलो ठरवायची आणि फरक काही दिवसांनी वॉलेटमधून परस्पर वळता व्हायचा. एकदा अशा अकरा पार्सलांचे पैसे एका रात्रीत गेले, वॉलेट उणे झालं आणि दुसऱ्या दिवशीचं पिकअप अडलं. मी तक्रार केली. पुरावा मागितला, माझ्याकडे नव्हता. तक्रार नोंदवायला मोजकेच दिवस असतात, तेही संपत आले होते. ते पैसे परत मिळाले नाहीत आणि मला त्याचं अजून वाईट वाटतं, कारण त्या अकरांपैकी निदान आठ तरी एका स्लॅबची होती याची मला खात्री आहे.

त्यानंतर प्रत्येक पार्सलचे फोटो काढते: लेबलचा क्रमांक दिसेल असं काट्यावरचं वजन, आणि टेप लावून तिन्ही बाजू. एका पार्सलमागे मिनिटभर जातं. पुढच्या तीन वादांपैकी दोन माझ्या बाजूने सुटले. तिसऱ्यात माझीच बॅग फुगली होती, फोटोत दिसत होतं.

टपालाचं पार्सल मी आधी विचारातही घेतलं नव्हतं. पण मी वापरलेल्या सेवेत पैसे प्रत्यक्ष वजनावर होते आणि आकाराला फक्त कमाल मर्यादा होती. माझा मोठा हत्ती ४५×३५×३० च्या खोक्यात जातो. खासगी कुरियरच्या हिशेबाने ते साडेनऊ किलो, काट्यावर १.४ किलो. म्हणजे एकोणीस स्लॅब विरुद्ध तीन. पोचायला जवळपास दुप्पट दिवस लागतात, ट्रॅकिंग मधेच दोन-तीन दिवस गप्प होतं, आणि खोकं रांगेत उभं राहून स्वतः द्यावं लागतं. मोठ्या हत्तीच्या ग्राहकाला मी आधीच तारीख सांगते, कोणी तक्रार केलेली नाही.

कॅश ऑन डिलिव्हरीबद्दल एवढंच, कारण यात माझा हात सर्वांत जास्त पोळला. चाळीस पार्सलं अशी पाठवली, नऊ परत आली. कोणी दार उघडलं नाही, कोणी नको म्हणालं, दोन ठिकाणी ‘ग्राहक उपलब्ध नाही’ असा शेरा होता पण ग्राहकाच्या म्हणण्यानुसार तिला फोनच आला नव्हता. परतीचे पैसेही जायच्याइतकेच लागले. म्हणजे ४९ फेऱ्यांचे पैसे भरले आणि ३१ पार्सलं पोचली. पोचलेल्या प्रत्येकामागे खर्च १.६ पट. वर रोख हाताळणीचा आकार वेगळा, आणि गोळा झालेली रक्कम खात्यात यायला आठवडा उलटायचा. आता पाठवण्याआधी ग्राहकाला फोन करून पत्ता आणि खूण पक्की करते आणि पाठवणीखर्च तेवढा आधी मागते. तेव्हापासून बावीस गेली, एक परत आलं.

सध्या चपटी पाकिटं थेट खात्यातून, मोठी खोकी टपालाने आणि थेट कंपनी जिथे पोचत नाही तेवढेच पिनकोड अ‍ॅग्रिगेटरमधून जातात. कडक चाकांच्या खेळण्यांसाठी चाकं सुटी करून, वेगळी गुंडाळून, त्याच पाकिटात बसतात का ते या महिन्यात करून पाहते आहे. पहिल्या दोन नमुन्यांची जाडी ५.१ सेंटीमीटर भरली, म्हणजे ०.४९ किलो. रेषेच्या आत आहे, पण पाकीट जरा फुगलं तरी दुसरा स्लॅब लागेल इतकं जवळ.