थायरॉईडची गोळी आणि रिमाइंडरचं ॲप : काही महिन्यांच्या वापरानंतर गजर कधी आणि कसा बंद केला

गोळ्यांची आठवण करून देणारं एक साधं, फुकट ॲप मी गेले काही महिने वापरतेय. ठरलेल्या वेळी गजर होतो, ‘घेतली’ असं बटण दाबलं की वेळेची नोंद होते. आणखी एक सोय त्यात आहे, जिच्याकडे सुरुवातीला कुणी बघत नाही: गजराच्या आधीच बटण दाबलं, तर त्या दिवशी गजर वाजतच नाही. माझ्या मते या ॲपचं सगळ्यात मोठं मोल या सोयीत आहे. गजराशिवाय गोळी घेतली जाते की नाही, हे तपासायचं साधन त्यातून मिळतं.

माझी गोळी थायरॉक्सिनची. रिकाम्या पोटी घ्यायची आणि नंतर अर्धा ते एक तास चहा-नाश्ता नाही. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी असेल, तर दोन्हींत चार तासांचं अंतर. गजर सकाळी सव्वासहाचा लावला होता. दोन-तीन महिन्यांनी नोंदी पाहिल्या, तर एकही दिवस चुकलेला नव्हता. साहजिकच वाटलं, आता सवय लागली, गजर काढून टाकू. पण वेळा नीट पाहिल्या तेव्हा दिसलं, की सगळ्या सहा सोळा, सहा सतरा अशा होत्या. रविवारीसुद्धा! गजर झाला की हात गोळीकडे जात होता. म्हणजे सवय लागली होती ती गजराला उत्तर द्यायची.

लंडनमधल्या संशोधकांच्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नेमकं हेच दिसलं होतं. रिमाइंडरमुळे काम रोज होतं, पण ते आपोआप होण्याला त्याने खीळ बसते. त्याऐवजी रोजच्या एखाद्या घटनेला काम जोडलं, तर ते जास्त अंगवळणी पडतं. सवयीला एकवीस दिवस लागतात हे आपण सगळीकडे ऐकतो, पण फिलिपा लॅली यांच्या २०१० च्या अभ्यासात माणसागणिक हा काळ १८ पासून २५४ दिवसांपर्यंत निघाला, मध्यावरचा आकडा ६६. त्यामुळे कॅलेंडर बघून गजर काढण्यात अर्थ नाही. तपासूनच बघावं लागतं.

तपासायचं म्हणजे गजर बंद करायचा, असं मी केलं नाही. गजर पुढे ढकलला. आधी गोळी एका घटनेला जोडली: दारातली दुधाची पिशवी आत आणली, की दूध गॅसवर ठेवायच्या आधी गोळी. डबी ओट्यावर पातेल्याशेजारी. गजर सव्वासहावरून पावणेसातला नेला. गजराच्या आधी नोंद झाली, तर ती सकाळ सवयीची. गजर वाजला, तर ती सकाळ गजराची. जाळं खाली आहेच, त्यामुळे गोळी बुडण्याची भीती नाही, आणि तरी खरं काय ते कळतं.

आठवड्याचे दिवस छान गेले. गुरुवारी पाणी बंद म्हणून पहाटेपासून बादल्या भरायची धावपळ असायची, त्या दिवशीही गजर वाजला नाही. रविवारी मात्र हमखास वाजायचा. पहिल्यांदा वाटलं, उशिरा उठते म्हणून. म्हणून रविवारचा गजर आठला नेला, तरी तेच. मग लक्षात आलं, की रविवारी दूध आमचे हे आत घेतात. मी उठेपर्यंत ते तापलेलंही असतं. “अगं, दूध झालंय, चहा टाक,” असं म्हटल्यावर माझ्यापुरती पिशवीची घटना घडतच नाही, मग गोळीची आठवण कुठून होणार? सवय खरी होती, पण चुकीच्या खुंटीला टांगली होती. खुंटी अशी हवी, की ती रोज यावी, आपल्याच हातून घडावी आणि दुसऱ्याच्या घरीही सुटू नये. मी दात घासण्याची निवडली. डबी बेसिनच्या वरच्या कोरड्या फळीवर गेली, शेजारी पेला. काही आठवड्यांत रविवारचा गजरही गप्प झाला.

इथे थांबले असते, तर अर्धीच परीक्षा झाली असती. कारण बटण दाबायला फोन हातात घ्यावा लागतो, आणि स्क्रीनवर ॲप दिसणं हीसुद्धा एक आठवणच. म्हणून शेवटच्या टप्प्यात गजर आणि नोंद दोन्ही बंद. त्याऐवजी सात वारांच्या कप्प्यांची प्लॅस्टिकची डबी आणली. रविवारी रात्री ती भरायची, तेव्हा एखाद्या कप्प्यात गोळी शिल्लक असेल, तर तो वार सुटला. मधल्या आठवड्यात डबीकडे तपासणीच्या नजरेने बघायचं नाही, एवढंच पथ्य.

ही डबी आणखी एका कारणासाठी लागतेच, आणि हे कुणी आधी सांगत नाही. काम खरंच आपोआप व्हायला लागलं, की ते केल्याचं आठवत नाही. गॅस बंद केला का, कुलूप लावलं का, तसंच हे. आंघोळीनंतर मनात येतं, घेतली की नाही? अशा वेळी आठवणीवर विसंबलं, तर दुसरी गोळी पोटात जायची. कप्पा रिकामा दिसला, की प्रश्न मिटतो. खरं तर हा संभ्रम वारंवार पडायला लागणं हीच सवय मुरल्याची खूण आहे. संशोधक २०१२ पासून चार वाक्यांची एक छोटी प्रश्नावली वापरतात. त्यातलं एक वाक्य साधारण असं, की करतोय हे कळायच्या आधीच मी ते करायला लागलेलो असतो. ते वाक्य मला पटू लागलं, ते या आंघोळीनंतरच्या संभ्रमातून. तरी नुसत्या पटण्यावर मी गजर काढला नसता. सव्वासहाच्या गजरावर चालत होते, तेव्हाही सगळं आपोआप होतंय असंच वाटत होतं.

दिवाळीला साताऱ्याला भावाकडे गेले, तेव्हा डबी ब्रशच्या पिशवीत ठेवली आणि तेवढ्या दिवसांपुरता गजर परत लावला. जागा बदलली, की सवयीची खूण पुसट होते. घर बदललं, मुलांच्या शाळेची वेळ बदलली, तरी मी तो लावेन आणि काही आठवडे उशिराचाच ठेवेन.

हा प्रयोग मी थायरॉक्सिनवर केला, कारण ते शरीरात बराच काळ टिकतं. त्याची मात्रा निम्मी व्हायला साधारण ७ दिवस लागतात, त्यामुळे एखादा दिवस चुकला तरी लगेच काही बिघडत नाही. डॉक्टरांनाही विचारून घेतलं होतं. अपस्माराची गोळी, रक्त पातळ करणारं औषध, इन्सुलिन यांच्या बाबतीत एक चूकही महागात पडू शकते, तिथे गजर काढायचा विचारच नको. सासूबाईंना रक्त पातळ करणारी गोळी आहे. त्यांचा गजर आहे तसाच आहे.

माझाही एक गजर चालूच आहे. ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी डॉक्टरांनी काही आठवड्यांसाठी, आठवड्यातून एकदा दिली आहे. एवढ्याशा फेऱ्यांत काही अंगवळणी पडत नाही, आणि कोर्स संपला की पुडीही संपणार. ती रविवारी दुपारी जेवणानंतर, गजरावरच घेते.